धम्मदीपाचे ‘जैसे थे’

धम्मदीपा इंगोलेला नोकरी लागली ती नवऱ्याच्या जाण्यातून. उत्कर्ष जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होता. एका पावसाळ्यात काविळीचे निमित्त झाले आणि तो गेला. साक्षी तेव्हा रांगत होती. तेराव्याला आलेल्या कचेरीच्या माणसांनीच सासऱ्याला, भिवाजींना, बाजूला घेऊन सांगितले की सुनेचा अर्ज लगेच टाका, अनुकंपेवर जागा मिळते. जागा मिळायला चार वर्षे गेली. मिळाली तेव्हा भिवाजी सुनेला एवढेच म्हणाले, “बाई, हे सरकारनं देल्लेलं हाये. सरकारसंग कदी वाद घालू नको.”

तिने कधी घातला नाही. कचेऱ्या बदलल्या, साहेब बदलले, टेबले बदलली, ती मान खाली घालून पत्रे लिहीत राहिली. कोणी रजेवर गेले की त्याचे काम आपसूक तिच्याकडे यायचे. “इंगोले मॅडमकडे द्या, त्या नाही म्हणत नाहीत,” हे वाक्य प्रत्येक कचेरीत नियमासारखे झाले होते. अनुकंपा या शब्दातली दया तिच्या मनात इतकी खोल बसली होती की पगारही आपण मागून घेतो आहोत असे तिला वाटे.

साक्षीला ऐकू येत नाही हे ती दोन वर्षांची झाल्यावर कळले. पुढे वाशिमला मूकबधिर मुलांच्या शाळेत तिचे नाव घातले. शाळेशेजारीच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मायलेकींची भाषा हातांची. त्यातल्या काही खुणा शाळेने शिकवलेल्या, काही घरीच जमलेल्या. आजी चंपाबाईसाठी कपाळावर गोल, शाळेसाठी दोन्ही तळवे उघडे, आणि वसतिगृहासाठी गालाखाली हात आणि मग तोच हात लांब कुठेतरी. ही शेवटची खूण साक्षीने एका मैत्रिणीकडून आणली होती. ती करताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते धम्मदीपाला बघवत नसे. पोरगी बारा वर्षांची झाली तरी आईच्या बोटांना धरूनच झोपायची.

ऑगस्टात बदलीचा आदेश आला. वाशिमहून मानोऱ्याला.

आस्थापना शाखेतला अजहर तो घेऊन तिच्या टेबलापाशी आला, पण कागद तिच्या हातात न देता पाठीमागे धरून उभा राहिला. अजहर हा कचेरीतला जुना माणूस. घरचे कापडाचे दुकान भावांकडे सोडून नोकरीत आलेला, जिभेला हाड नसलेला.

“मॅडम, आज तुमची तबियत बिघडली हाये.”

“नाही हो, बरी आहे मी.”

“बिघडली हाये म्हंतो ना मी! चेहरा पाहा, कसा उतरला. घरी जा, मेडिकल टाका. अन् हा कागद तुमी पाह्यलाच नाई.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मानोरा. तुमच्या जागेवर तिथला मोहनसिंग येऊन राह्यला.”

कोणतीही दुसरी बाई कागद न घेता घरी गेली असती. सरकारी कचेरीत बदलीचा आदेश टाळायची ही जुनी वाट आहे. धम्मदीपाने हात पुढे केला, कागद घेतला आणि पोच म्हणून सही करून दिली. सरकारचा कागद नाकारायचा असतो हेच तिला माहीत नव्हते.

अजहरने कपाळावर हात मारला. “अल्ला! अशी सीधी बाई मी पाह्यली नाई.”

ती कचेरीचे प्रमुख काळबांडे साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब हसतमुख होते. बसा म्हणाले, चहा मागवला. चहा आला तेव्हा तिला भीती वाटली, कारण साहेब लिपिकांना चहा देत नसत.

“मॅडम, तुमच्या सोयीचंच केलंय. तुमचं सासर इंझोरीचं ना? मानोऱ्याला हाकेवर. म्हातारा-म्हातारी आहेत, त्यांनाही बरं.”

“सर, मुलीची शाळा... तिला ऐकू येत नाही. तशी शाळा मानोऱ्यात नाही.”

“वसतिगृह असेल की त्यांचं. शिवाय मोहनसिंग राठोड ज्येष्ठता यादीत तुमच्या बराच वर आहे. ज्येष्ठाने वाशिम मागितलं तर देऊ नको?” त्यांनी बशीत चहा ओतला. “आणि बघा, तुमचा गोपनीय अहवाल माझ्याकडेच असतो. मी आजवर चांगलाच लिहिला आहे.”

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटले की त्यातली धमकी तिला जिना उतरताना कळली.

शेजारच्या विमलबाईंनी तिला नागपूरच्या वकिलाचा नंबर दिला. विमलबाईंच्या भावाची बदली अशीच थांबली होती. वकील म्हणजे अॅडव्होकेट अनम देशमुख, मूळच्या रिसोडच्या, वयाने धम्मदीपाहून लहान. फोनवर त्यांनी रडणे ऐकून घेतले आणि मग सरळ प्रश्न विचारले. या कचेरीत किती वर्षे झाली? आदेश कोणत्या महिन्यातला? त्यात कारण लिहिले आहे का?

“दुसरं वर्ष चालू आहे. कारण... ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच आहे. पण मॅडम, माझी मुलगी—”

“ताई, मुलीचं मी अर्जात लिहीन. पण एक समजून घ्या. सरकारी नोकरांच्या केस ऐकतं ते न्यायाधिकरण तुमची अडचण बघून बदली रद्द करत नाही. कोणाला कुठे ठेवायचं हे सरकारने ठरवायचं. ते ठरवताना रीत पाळली की नाही, एवढंच तिथे बघतात. क वर्गाला एका कचेरीत साधारण दोन मुदती मिळतात, सहा वर्षं. बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच करायची तर कारण लेखी नोंदवायचं आणि वरच्या अधिकाऱ्याची मान्यता आधी घ्यायची. बदल्यांचा कायदाच आहे तसा.”

“अन् ज्येष्ठता? राठोड माझ्या वर आहेत.”

“ज्येष्ठतेनं बढती मिळते, खुर्ची कुठली ते मिळत नाही.”

धम्मदीपाने फोन ठेवला. सरकारवर केस! उत्कर्षच्या जागेवर बसून, उत्कर्षच्याच सरकारवर! इंझोरीहून चंपाबाईचा फोन आला तेव्हा तिने चाचरत सांगितले.

“काहून वो माय असं? मानोऱ्याले ये ना. आमी हाओत. पोरीले घालू होस्टेलात, सुट्टीले येईन. कोर्टात गेलेल्या बाईचं नाव वाईट होते. उद्या नोकरी गेली म्हंजे?”

“मले बी तेच भेव वाटते, आत्याबाई.”

“मंग?”

साक्षी समोर बसून दोघींचे बोलणे आईच्या चेहऱ्यावर वाचत होती. तिने विचारले. गालाखाली हात, मग लांब. धम्मदीपाने मान हलवून नाही म्हटले, पण पोरीचा विश्वास बसला नाही. बहिऱ्या मुलाला शब्दांनी फसवता येत नाही.

किरकोळ रजा टाकून, साक्षीला विमलबाईंकडे ठेवून ती नागपूरला गेली. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या त्या इमारतीत तिच्यासारखीच माणसे बाकांवर बसली होती. कोणी फौजदार, कोणी तलाठी, कोणी नर्स. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत आदेश. तिला जरा धीर आला. सरकारशी भांडणारी ती एकटी नव्हती.

पुकारा झाला. अनम देशमुख दोन मिनिटे बोलल्या. सरकारतर्फे उभ्या असलेल्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी कचेरीकडून माहिती घ्यायला वेळ मागितला. न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या सदस्यांनी विचारले, “अर्जदार अजून पदावर आहेत?” अनम म्हणाल्या, “आहेत, कार्यमुक्त केलेले नाही.” सदस्यांनी नोटीस काढली, पुढच्या आठवड्याची तारीख दिली आणि म्हणाले, तोपर्यंत जैसे थे.

हे सगळे दुपारच्या आत आटोपले. सादरकर्ता अधिकारी बाहेर येऊन लगेच वाशिमला फोन लावत होते ते धम्मदीपाने पाहिले. ‘जैसे थे’ हा शब्द तिला ओळखीचा होता. त्याचा अर्थ तिने धरला, आहे तिथेच राहायचे. बसमध्ये ती आठवड्यात पहिल्यांदा झोपली.

घरी आली तर दारावर कागद डकवलेला.

विमलबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “संध्याकाळी दोघं आले अन् लावून गेले वो. अख्खी गल्ली वाचून राह्यली. मी काढू म्हंटलं तर म्हंते, सरकारी हाये, हात लावू नका.” धम्मदीपाने वरची ओळ वाचली. ‘एकतर्फी कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ पुढचे तिला दिसेना. तिने कागद ओढून काढला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये तळाशी कोंबला, कोणी मेलेली पाल झाकावी तसा.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर मोहनसिंग बसला होता. तो उठून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. बायको वाशिमला शाळेत शिक्षिका, पोहरादेवीचे म्हातारे वडीलही तिच्याजवळ, आणि हा आठ वर्षे मानोऱ्यात. “वैनी, मले तुमच्याशी वैर नाई. मी सकाळीच रुजू झालो. साहेब म्हंटले हो, झालो.”

साहेबांनी या वेळी चहा मागवला नाही. तिने न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि बोटाने शब्दावर टकटक केले.

“जैसे थे. म्हणजे जे आहे ते. काल तुम्ही कार्यमुक्त झाला होतात. म्हणजे आहे काय? तुम्ही बाहेर, राठोड आत. आम्ही कोर्टाचा आदेश तंतोतंत पाळतोय.”

“सर, मी काल तिथे असताना—”

“अनुकंपेवर आलेली बाई सरकारला कोर्टात खेचते! उत्कर्ष असता तर त्याला काय वाटलं असतं?” मग शांतपणे, “आजपासून तुमचा पगार मानोऱ्यातून. तिथे गेला नाहीत तर अनधिकृत गैरहजेरी. सेवेत खंड पडतो, माहिती आहे ना? हजेरीपटावर इथे नाव नाही तुमचं.”

नाव खरोखरच उरले नव्हते. तिच्या नावावर लाल रेघ होती.

त्यानंतरचे दिवस धम्मदीपाने कसे काढले ते तिलाही नीट सांगता आले नसते. ती वाशिमची नव्हती, मानोऱ्याचीही नव्हती. रोज कचेरीच्या वेळेला ती तयार व्हायची, कारण साक्षीला कळू द्यायचे नव्हते. तिला शाळेच्या फाटकाशी सोडून बसस्टँडवर जाऊन बसायची. मानोऱ्याची गाडी लागली की उठून उभी राहायची. चढली आणि तिथे रुजू झाली तर नोकरी वाचेल, पण बदली आपणच मान्य केल्यासारखे होईल, केसमध्ये काही उरणार नाही आणि पोरगी वसतिगृहात. नाही चढली तर गैरहजेरी, नोटीस, चौकशी आणि कदाचित नोकरीच जाईल. मग कसली शाळा अन् कसले काय. गाडी सुटायची आणि ती बसून राहायची. ओळखीचे कोणी दिसले की पदर डोक्यावर ओढायची.

एका सकाळी तिचा धीर सुटला. तिने साक्षीचे दोन फ्रॉक विमलबाईंकडे ठेवले, तिला शाळेत सोडले, स्वतःच्या दोन साड्या पिशवीत भरल्या आणि स्टँडवरूनच अनम देशमुखांना फोन लावला.

“मॅडम, मी चालले मानोऱ्याला. केस काढून घ्या.”

“थांबा. ताई, थांबा. कार्यमुक्तीचा कागद मला पाठवा म्हटलं होतं तीनदा. पाठवलात का?”

“तो... मी वाचलाच नाही.”

“वाचा आत्ता. मोठ्याने. सगळा.”

तिने पर्सच्या तळाचा कागद काढला. घड्या फाटायला आल्या होत्या. गाडीचा वाहक मानोरा, मानोरा ओरडत होता. ती वाचू लागली. विषय, संदर्भ, “उपरोक्त आदेशान्वये श्रीमती ध. उ. इंगोले, लिपिक, यांना आज दिनांक... रोजी, म.नं., या कार्यालयातून एकतर्फी...”

ती थांबली. म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर. जन्मभर तिनेही असेच लिहिले होते. कार्यमुक्त म्हटले की म.नं., रुजू म्हटले की म.पू. माणूस सोडायचा तो दुपारनंतर, म्हणजे त्या दिवसाचा पगार जुन्या कचेरीत निघतो. कोणी विचार करून लिहीत नाही, हात आपोआप लिहितो.

“ताई? पुढे?”

“मॅडम, यात म.नं. आहे. दुपारनंतर. अन् आपला आदेश तर दुपारच्या आधी झाला.”

“म्हणजे आदेश झाला तेव्हा तुम्ही खुर्चीवर होतात,” अनम हळूच म्हणाल्या, “त्यांच्याच कागदाप्रमाणे. ताई, गाडीत चढू नका. कुठेच जाऊ नका. रोज सकाळी वाशिमच्या कचेरीत जा, मी हजर आहे असं लिहून आवक विभागात द्या आणि पोच घ्या.”

गाडी सुटली. आनंद व्हायला हवा होता, पण धम्मदीपाला तो झाला नाही. आता तिला रोज त्या कचेरीत जाऊन, जिथे तिचे नाव नाही तिथे, मी आहे असे लिहून द्यायचे होते.

तिने दिले. पहिल्या दिवशी आवकच्या बाईने डोळे वर न करता शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी काळबांडे साहेब जिन्यात भेटले आणि नुसते बघून गेले. ते बघणे तिला घरापर्यंत पुरले. अजहर तिला टाळू लागला होता. तिसऱ्या दिवशी तो पानटपरीआड गाठून म्हणाला, “मॅडम, तुमच्या वकिलाचा कागद आला अन् माह्यावर साहेब जळून राह्यले. म्हंतात, कार्यमुक्तीत म.नं. तू काहून टाईप केलं? मी म्हंटलं, साहेब, वीस साल झाले, दुसरं काय टाईप केलं मी? सही तं तुमी केली!” तो हसला, पण हसताना मागे वळून पाहत होता.

तारखेला साहेब स्वतः नागपूरला आले. सादरकर्ता अधिकाऱ्यांनी सांगितले की अर्जदारांना सकाळीच कार्यमुक्त केले होते, म.नं. हे कार्यालयीन सवयीने पडले, ती लिपिकाची चूक आहे.

सदस्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. “सवय तुमची, आदेशही तुमचाच. सकाळी केलं असं दाखवणारं काही आहे? आमच्या आदेशाची माहिती तुम्हाला दुपारी फोनवर मिळाली होती का?”

सादरकर्ता अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांना फोन त्यांनीच केला होता, नाही कसे म्हणणार? साहेबांनी रुमालाने मान पुसली.

सदस्यांनी स्पष्ट केले की जैसे थे म्हणजे अर्जदार वाशिमच्या पदावर. तसे केले नाही तर अवमानाची कारवाई. पुढच्या तारखेला बदलीची मूळ फाईल आणायला सांगितली. फाईलमध्ये मध्येच बदली का करायची याचे कारण कुठेच नव्हते आणि वरच्या अधिकाऱ्यांची मान्यता होती ती आदेशानंतरच्या तारखेची. बदली रद्द झाली. राठोड ज्येष्ठ आहेत हा मुद्दा सदस्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवला. शेवटी एक ओळ होती. सक्षम प्राधिकाऱ्यांना कायद्यानुसार पुढील सर्वसाधारण बदल्यांच्या वेळी योग्य तो निर्णय घेण्याची मुभा राहील.

“ही ओळ?” धम्मदीपाने विचारले.

“ती असतेच,” अनम म्हणाल्या. “सरकारचा बदलीचा हक्क कोर्ट काढून घेत नाही.”

“अन् ते वर हायकोर्टात गेले तर?”

“जाऊ शकतात. गेले तर आपणही जाऊ. आज जिंकलो आहोत, ताई. जरा हसा तरी.”

तिने हसून दाखवले.

सोमवारी मोहनसिंगने टेबलाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. त्याचा चेहरा ओढलेला होता. “माही बायको रडून राह्यली घरी. पण तुमचं बी बरोबर हाये.” जाताना दारात थांबून तो म्हणाला, “एप्रिलमंदी पाहू, वैनी.” तो थट्टेने बोलला की खरेच, हे तिला कळले नाही. त्यालाही कळले असेल असे नाही.

अजहरने हजेरीपट आणला. लाल रेघेवर पुन्हा नाव लिहिता येत नव्हते म्हणून त्याने सगळ्यांच्या खाली, शिपायांच्याही खाली, तिचे नाव नव्याने लिहिले. “ज्येष्ठतेनं नाई हो मॅडम, जागा तेवढीच उरली!” सगळे हसले. साहेबांच्या केबिनचे दार अर्धे उघडे होते, ते आतून बंद झाले. तिने सही केली. गोपनीय अहवाल मार्चअखेर लिहिला जातो, हे तिला सही करतानाच आठवले.

संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी साक्षी धावत आली. दप्तर आईच्या हातात देऊन तिने आधी तेच विचारले. हात गालाखाली नेला, मग लांब.

‘अजून नाही’ अशी एक खूण त्यांच्याकडे होती, उजवी मूठ थोडी पुढे ढकलायची. धम्मदीपाची मूठ वळलीही. मग तिने ती उघडली, पोरीच्या डोळ्यांत सरळ पाहिले आणि मान हलवली. नाही.

साक्षी बराच वेळ तिचा चेहरा वाचत उभी राहिली. धम्मदीपाने तो हलू दिला नाही.